लुगडं गच्च

मुखरूच्या नातीच्या हाती आपल्या मायची गोष्ट गेली आहे, हे कळलं त्या दिवसापासून गुणाबाईचं अन्नावर मन नव्हतं.

गावातल्या मच्छीमार बायांच्या गटानं एक पुस्तक काढायचं ठरवलं होतं. तलावाच्या बारा गोष्टी, बारा म्हाताऱ्यांच्या तोंडच्या, आणि प्रत्येक गोष्टीला एक चित्र. गोष्टी लिहून घेतल्या गटाच्या सचिव रंजीतानं, म्हाताऱ्या जशा बोलल्या तशा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण चित्रं काढायला माणूस नव्हता, मशीन होतं. त्या मशीनला मराठी गोष्टीतलं अर्धं कळायचं आणि अर्धं ते आपल्या मनानं काढायचं, म्हणून गोष्टीतला प्रसंग आधी इंग्रजीत मांडून द्यावा लागायचा. त्या मांडणीला प्रॉम्प्ट म्हणतात. आणि गटात इंग्रजी येणारी एकच होती, उर्वशी. मुखरूची नात.

मुखरू मरून वीस वर्षं झाली. पण त्याचं एक वाक्य गावात अजून जिवंत होतं, आणि ते गुणाबाईच्या मायबद्दल होतं.

गुणाबाई आठ वर्षांची असताना तिचा बाप, बाबुलाल, तलावात बुडाला. कार्तिकाचे दिवस, शिंगाडे काढायचा हंगाम. जाळं बुडातल्या खुंटाला अडकलं, ते सोडवायला तो खाली गेला आणि वर आला नाही. माय, भागीरथा, तेव्हा काठावर होती. त्यानंतर मुखरूनं गावभर सांगितलं, "बाई काठावर उभी राहून पाहत होती. पाण्यात पाय घातला नाई. डोयातून टिपूस काढलं नाई." खांद्यावर लाल दुपट्टा टाकून तो चावडीवर बसायचा आणि हेच सांगायचा. ऐकणाऱ्यांनी पुढच्यांना सांगितलं. भागीरथा पुढं तीस वर्षं जगली, पण कोणाच्या घरी जेवणाला काय, शिंगाडे सोलायलाही कोणी तिला सोबत घेतलं नाही. गुणाबाईच्या लग्नातसुद्धा बाया आपसात कुजबुजल्याच.

मायचा एकही फोटो नव्हता. आता या पुस्तकात तिचं पहिलं चित्र येणार, आणि शाळेतली पोरं ते पाहणार. ते चित्र मुखरूचं खोटं पुसून टाकील किंवा कायमचं छापून ठेवील, दोनच गोष्टी शक्य होत्या. म्हणून गुणाबाई त्या दिवशी दुपारीच गटाच्या खोलीत जाऊन बसली. पाहुणी म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून.

"या आजी," उर्वशी म्हणाली. पोरगी गोरीगोमटी, चष्मेवाली, बोलायला गोड. गुणाबाईला तो गोडवाच आधी खटकला.

"दाखव," गुणाबाई म्हणाली.

उर्वशीनं पडदा फिरवला. गुणाबाईनं पाहिलं आणि तिचा पारा चढला. पडद्यावर एक बाई होती. रेशमी साडी, सोन्याची जरी, बाह्यांचं पोलकं, नाकात मोठी नथ. मागं गुलाबी आभाळ, नारळाची झाडं. गालावरून मोठाले आसवांचे थेंब ओघळत होते. एखाद्या सिनेमाची नटी नवऱ्यावर रुसून समुद्रावर आली असावी, असा एकूण थाट.

"हे कोण हाय?"

"आजी, पहिला प्रयत्न हाय. मी फक्त 'पारंपरिक साडीतली दुःखी भारतीय बाई, तळ्याकाठी, संध्याकाळी, आसवं नाही' इतकंच लिहून पाह्यलं."

"आन माह्या मायचं काय लिवलं?"

"तेच चुकलं. थोडकं सांगितलं की बाकीचं ते आपल्या मनानं भरते. आन त्याच्या मनात साडी म्हणजे हेच." उर्वशीनं वही उघडली. "तुमी सांगा, मी लिहितो. लुगडं कसं होतं?"

गुणाबाईनं डोळे बारीक केले. विचारते तर बरं आहे, पण विचारून लिहिते काय, ते कोणाला कळणार? तरी तिनं सांगितलं. नऊवारी, सुती, हातमागाचं. मळकट हिरवं, धुऊन धुऊन उडालेला रंग. कासोटा मागं खोचलेला, लुगडं गुडघ्याच्या खालपर्यंतच. अंगात चोळी, पाठीला गाठ मारलेली. हातात काचेच्या बांगड्या, कपाळावर कुंकू, कारण बाप त्या घडीला सापडलेला नव्हता. पायात काही नाही.

उर्वशी एकेक गोष्ट लिहीत होती आणि मध्येच विचारत होती. ज्याला साडी म्हटलं की रेशमी येते, त्याला लुगडं कसं सांगायचं, म्हणून तिनं नाव तर लिहिलंच, शिवाय ते कसं नेसतात तेही लिहिलं. पायांमधून नेऊन मागं कमरेला खोचलेलं, पोटऱ्या उघड्या. तळ्याऐवजी तिनं लिहिलं मातीची उंच पाळ, पाळीवर मोहाची झाडं, पाण्यावर शिंगाड्याचे वेल, पलीकडे पिकलेलं धान. गुलाबी आभाळ काढून तिनं ऊन उतरल्यावरचा मातकट उजेड लिहिला.

"आन ते आसवं काढ," गुणाबाई म्हणाली.

"आसवं नको असं मी लिहिलं होतं आजी. तुमच्या गोष्टीतच 'रडली नाई' हाय ना. पण आसवांचं नाव घेतलं की ते मशीन आसवं काढूनच ठेवते. नाई म्हटलेलं त्याले धड समजत नाई. म्हणून काय नाई ते सोडून काय हाय ते सांगा लागते. त्या वेळी तोंड कसं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न गुणाबाईला कोणी विचारला नव्हता. "डोये कोरडे होते," ती म्हणाली. "ओठ मिटलेले. पापणी हालत नव्हती. आमी हाक मारून राह्यलो होतो, तिले ऐकूच येत नव्हतं."

उर्वशीनं ते लिहून घेतलं. आणि गुणाबाईच्या मनात आलं, कोरडे डोळे बरोबर टिपले पोरीनं. आजाचं अर्धं वाक्य तर झालं.

दुसरं चित्र आलं तेव्हा गुणाबाई पडद्याजवळ सरकली. तीच चण, तोच कासोटा, तेच मिटलेले ओठ. चेहरा मायचा नव्हता, मशीनला तो कुठून माहीत असणार, पण उभं राहणं मायचं होतं. घटकाभर तिला वाटलं, आपण उगाच पोरीवर संशय घेतला. मग तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

लुगडं कोरडं होतं. नुसतं कोरडं नव्हे, चापूनचोपून नेसलेलं, निऱ्यांची घडी न मोडलेलं. एखादी बाई बाजाराला निघाली असावी तसं. मागं पाळीवर दोनचार माणसं धूसर दिसत होती. आणि समोर पाण्याशी ही बाई, नीटनेटकी, कोरडी ठणठणीत, पाहत उभी. मुखरू चावडीवर सांगायचा ते अगदी शब्दशः.

गुणाबाईला वाटलं ओरडावं. पण ती ओरडली नाही. चोराला आधी हाताशी धरावं, मग बोंब मारावी, असा तिचा विचार. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, तू इंग्रजीत जे लिवलं ना, त्याचा कागद दे मले. देवाजवळ ठेवतो."

उर्वशीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग काही न बोलता कागद छापून दिला. ते न बोलणंही गुणाबाईनं मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती तालुक्याच्या गावी, सावलीला गेली. बसस्टँडसमोर भूपेशचं औषधाचं दुकान. त्याला इंग्रजी फाडफाड येतं, आणि त्याचा त्यांच्या गावाशी काही संबंध नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. गुणाबाईनं गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या आणि कागद पुढं सरकवला.

"भूपेशभाऊ, हे मले मराठीत सांगा. जसं हाय तसं. आपल्या मनाचं घालू नका."

भूपेशनं वाचायला सुरुवात केली. मातीची पाळ आली, मोहाची झाडं आली. शिंगाड्याचे वेल, उघड्या पोटऱ्या, काचेच्या बांगड्या, सगळं जागच्या जागी. गुणाबाई बोटावर मोजत होती. पोरीनं काही खाल्लेलं नव्हतं. मग भूपेश म्हणाला, "अंगावर लुगडं घट्ट गुंडाळलेलं हाय."

"काय म्हणलं?"

"टाइट लिहिलं हाय काकू. घट्ट. अंगाला आवळून नेसलेलं."

"वलं नाई लिवलं?"

भूपेशनं ओल्याचा शब्द शोधत कागद वरून खालपर्यंत पाहिला, मग उलटा करूनही पाहिला. "नाई. वलं कुठीच नाई."

गुणाबाईनं कागदाची घडी केली. पाणी कुठं मुरत होतं ते आता तिला कळलं. पाळ लिहिली, झाडं लिहिली, बांगड्यासुद्धा लिहिल्या, आणि ज्याच्यावर सगळी गोष्ट उभी तेवढंच गाळलं. इतकं नेमकं विसरायला मुद्दामच विसरावं लागतं. आजा मेला, पण नात त्याचं काम पुढं नेते, असं म्हणत ती एसटीत बसली. परतीच्या वाटेवर तिनं उर्वशीला ऐकवायची अशी अशी वाक्यं जुळवली की मुखरू सरणातून उठून बसला असता.

खोलीत पाय टाकताच तिनं कागद टेबलावर आपटला.

"मायचं लुगडं कोरडं काऊन केलं तू?"

उर्वशी दचकली. "कोरडं? मी कुठी कोरडं लिहिलं आजी?"

"वलं बी नाई लिवलं ना! मी रंजीताले सांगितलं होतं. तिनं लिवलं हाय. काढ तो कागद."

उर्वशीनं रंजीताच्या अक्षरातला कागद काढला. गुणाबाईला मराठी वाचता येत होतं, सावकाश, बोट ठेवून. तिनं बोट ठेवलं. माय पाळीखाली पाण्याजवळ उभी होती. लुगडं गच्च अंगावर. मागं माणसं उभी. माय रडली नाई, बोलली नाई.

"हे काय हाय? गच्च! लिवलं तर हाय!"

"हो, गच्च," उर्वशी म्हणाली. "तेच तर लिहिलं मी. गच्च म्हणजे घट्ट. गच्च बसलं, गच्च बांधलं."

गुणाबाईनं तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी नाटक करते की खरंच सांगते? "लुगडं गच्च म्हणजे पाणी गळून राह्यलं असं भिजलेलं! पावसातून आला, गच्च होऊन आला, म्हणत नाई का? या मातीतल्या पोरीले हे समजत नाई?"

"मी इथी वाढलोच नाई ना आजी. बाबा गडचांदूरच्या कारखान्यात होते. कॉलनीत सारे बाहेरचे. गच्च भिजलं असं म्हणतात ते मले माहीत हाय, पण तुमी भिजलं म्हटलंच नाई. नुसतं गच्च म्हटलं, आन पुढं अंगावर म्हटलं. मले वाटलं, घट्ट नेसलेलं."

गुणाबाईला बोलणं पटलं आणि पटलं नाहीही. भिजलं हा शब्द तिनं खरंच उच्चारला नव्हता. तिच्या घरात तो लागतच नव्हता. गच्च म्हटलं की झालं. पण वाक्यात इतके शब्द असताना अडायचं ते याच एका शब्दावर, आणि अडायचं तेही मुखरूच्या नातीनंच? तिच्या जिभेवर एसटीतली सगळी वाक्यं आली. तेवढ्यात उर्वशीनंच विचारलं.

"पण आजी, लुगडं वलं कसं झालं? पाऊस होता?"

गुणाबाई खुर्चीवर बसली. म्हणजे हिला खरंच माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्याचं ही फार छान दाखवत होती. काहीही असो, आता सांगायचं तर सगळं सांगायचं, गच्च-बिच्च न म्हणता, असं तिनं ठरवलं.

"पाऊस नव्हता. माय पाण्यात उतरली होती. बाप वर येत नाई पाहून ते आत गेली, छातीपर्यंत. तिले पोहता येत नव्हतं. शिंगाड्याच्या वेलात पाय गुतले, पडली, उठली, परत गेली. तीनदा गेली. मी पाळीवरून पाहत होतो. मंग थकून बाहेर आली आन तिथीच उभी राह्यली. लुगड्याचा रंग छातीपासून खाली काळा झालता. पदरातून पाणी गळत होतं. एक वेल कमरेले अडकून होता, तो बी तिनं काढला नाई. त्याच्यानंतर गाव जमा झालं. गावानं पाह्यलं ते इतकंच, की बाई उभी हाय."

उर्वशी लिहायची थांबली होती.

"माहे आजोबा सांगत होते हे," ती हळू म्हणाली. "लहानपणी सुटीत आलो की सांगायचे. म्हणायचे, आमी सारे पाळीवर उभे राहून पाहत होतो, आन ते बाई..." ती मध्येच थांबली. तोंडातून निघालेलं वाक्य तिचं तिलाच जणू पहिल्यांदा ऐकू आलं.

"आन ते बाई काय?"

"काही नाई आजी." उर्वशीनं चष्मा काढून पुसला. "तुमी घरी जा. मी नवीन लिहितो."

घरी जा म्हणते. गुणाबाईचा जीव पुन्हा खालीवर झाला. आजाचं नाव निघालं की लगेच तोंड मिटलं, आणि आता आपण नसताना लिहिणार. "मी इथीच बसतो," ती म्हणाली.

आणि बसली. उर्वशी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. एकदा उठून खिडकीशी गेली. तिथून तलावाची पाळ दिसते. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली आणि येऊन पुन्हा दोन ओळी लिहिल्या. गुणाबाईला अक्षरं काळ्या मुंग्यांसारखी दिसत होती. कोणती मुंगी काय घेऊन चालली, ते तिला कळायला मार्ग नव्हता.

शेवटी उर्वशीनं कागद छापला. "चित्र मी अजून काढलं नाई," ती म्हणाली. "आधी हे त्यायच्याकडून वाचून आणा. सावलीत ज्यायले दाखवलं होतं त्यायच्याकडून."

गुणाबाईच्या कानशिलापर्यंत शरम चढली. "तुले कोणं सांगितलं?"

"कागदाले औषधाच्या दुकानाचा वास येऊन राह्यला आजी," उर्वशी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच किंचित हसली. "बरोबर केलं तुमी. माह्या हातून गेलेलं मले कुठी दिसते? दुसऱ्यानं मराठीत उलटून सांगितलं तरच सांडलेलं दिसते."

तरीही गुणाबाईचा संशय गेला नाही. रात्र तिनं कशीबशी काढली. एवढं राजीखुशीनं कागद देते म्हणजे त्यात काहीतरी असलंच पाहिजे, असंही तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भूपेशच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती चारही जाईपर्यंत ती बाकावर कागद छातीशी धरून बसली.

"वाचा भाऊ. जसं हाय तसं."

भूपेशनं वाचलं. मातीची पाळ, मोहाची झाडं, ऊन उतरल्यावरचा उजेड. मग त्याचा आवाज जरा हळू झाला. "लुगडं छातीपासून खाली पाण्यानं भिजलेलं, अंगाला चिकटलेलं. वर फिकट हिरवं, खाली भिजून काळपट. पदराच्या टोकातून पाणी ठिबकते. कमरेले शिंगाड्याचा वेल अडकलेला. पोटऱ्यांवर चिखल. ती आताच पाण्यातून बाहेर आली हाय, पाण्यात तिच्या येण्याच्या लाटा अजून हायत." त्यानं मान वर केली. "झालं ना काकू? वलं हाय आता."

गुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. अठ्ठावन्न वर्षांनी मायचं लुगडं भिजलं होतं. "झालं," ती म्हणाली, आणि कागदासाठी हात पुढं केला.

"थांबा, खाली अजून हाय." भूपेशनं ओळीवर बोट ठेवलं. "तिच्या मागं, पाळीवर, पाच माणसं उभी. पाचहीजणांचे कपडे कोरडे. धोतरं पांढरी, स्वच्छ, पायांवर चिखल नाई... नाई, असं नाई लिहिलं. पाय कोरडे, धुळीचे, असं लिहिलं हाय. सगळ्यांत पुढं एक उंच माणूस, हात पाठीमागं बांधलेले, खांद्यावर लाल दुपट्टा. तो तिच्याकडं पाहून राह्यला."

गुणाबाईचा हात तसाच पुढं राहिला.

माणसं पाचच होती की जास्त, ते तिलाही आठवत नव्हतं. कोरड्या धोतरांचं, एकही गडी पाण्यात उतरला नाही त्याचं, तर तिनं उर्वशीला सांगितलंच नव्हतं. ती गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती, मायलासुद्धा नाही. गावात तोंड उघडून ते बोलायची छाती तिला आयुष्यात झाली नव्हती. आणि लाल दुपट्टा. तो अजून मुखरूच्या घरी खुंटीला टांगलेला असतो, दरवर्षी सून धुऊन वाळत घालते, साऱ्या गावाला ठाऊक आहे.

"हा लाल दुपट्टेवाला कोण हाय हो काकू?" भूपेशनं विचारलं. "तुमच्या गोष्टीत होता का?"

गुणाबाईनं कागद हातात घेतला. त्याची घडी घातली.

"मी नाई सांगितला," ती म्हणाली. "लिवणारीचा आजा होय तो."